माल कोणाचा, पैसा कोणाचा

मार्च संपत आला की कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या गावांत कांडप गिरणीसमोर पिशव्यांची रांग लागते. नाकाला पदर लावलेल्या बाया, शिंकणारी पोरं, आणि कुणाच्या पिशवीत बेडगी, कुणाच्या संकेश्वरी, सोबत भाजून आणलेला खडा मसाला. या साऱ्या रांगेत गिरणीवाल्याच्या मालकीची एक मिरचीसुद्धा नसते. माल गिऱ्हाइकाचा, तो भाजण्याचा खर्च गिऱ्हाइकाचा, करपला तर नुकसानही त्याचंच. गिरणीवाला किलोमागे मजुरी घेतो, तीही रोख आणि जागेवर.

त्याच रस्त्याला चार दुकानं पुढे किराणामालाच्या फळीवर तिखट-मसाल्याची पाकिटं टांगलेली असतात. त्यातल्या मिरचीचे पैसे कुणीतरी दोन-तीन महिन्यांपूर्वी मोजलेले असतात आणि ते अजून त्याच्या खिशात परत आलेले नसतात.

मसाला तोच, धंदे मात्र दोन. एक सेवेचा, दुसरा वस्तूचा. हातात भांडवल जवळजवळ नसताना यातला कोणता धरावा, हा प्रश्न नोकरी सुटलेल्या तरुणापासून बचत गटातल्या बाईपर्यंत अनेकांपुढे असतो. तो बहुतेक वेळा आवडीवर सोडला जातो. ‘माझा स्वतःचा ब्रँड’ हे शब्द कानाला गोड लागतात, ‘मजुरीवर काम’ हे शब्द लागत नाहीत. पण हा प्रश्न आधी कागद-पेन्सिल घेऊन सोडवायचा असतो, आणि हिशेब काही अवघड नाही.

समजा, एका बाईच्या हाताला कांदा-लसूण मसाल्याची चव आहे आणि गाठीला दहा हजार रुपये आहेत. पुढचे भाव हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. गावागणिक ते बदलतील, पण चित्र फारसं बदलणार नाही.

ती वस्तूच्या वाटेने गेली, तर आधी 20 किलो मसाला करते. मिरची, धने, खोबरं, तीळ, कांदा, लसूण, तेल, गॅस आणि कांडप धरून किलोला 400 रुपये पडतात, म्हणजे 8,000 गेले. 200 ग्रॅमची 100 पाकिटं भरायची तर पाउच 300 रुपयांचे. लेबल शंभर छापून मिळत नाहीत, छापखाना हजाराच्या खाली बोलत नाही, त्याचे 1,500. लेबलवर निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक लागतो, त्यामुळे हाताने चिठ्ठी लिहून चिकटवली असं चालत नाही. 9,800 रुपये संपले. उरलेले 200 दुकानं फिरण्यात जातात.

पाकिटाची छापील किंमत 140. दुकानदार चौथा हिस्सा ठेवतो, तिला 105 मिळतात. खर्च साधारण साडेचौऱ्याऐंशी, म्हणजे पाकिटामागे वीस रुपये सुटतात. शंभर पाकिटांचे 2,050. कागदावर हे वाईट नाही. दोन महिन्यांत दहा हजारांवर दोन हजार कोणती बँक देते?

पण नवा माल दुकानदार रोखीने घेत नाही. ‘ठेवून जा, खपला की पैसे’ हे त्याचं ठरलेलं उत्तर, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर ते चुकीचंही नाही. आठ दुकानांत माल लागतो. महिन्याभराने ती फेरी मारते तेव्हा 60 पाकिटं गेलेली असतात. ती ज्या दोन दुकानांतून गेली तिथे फळी रिकामी आहे, दुकानदार ‘अजून द्या’ म्हणतो आहे, आणि उरलेल्या सहा दुकानांत 40 पाकिटं धूळ खात आहेत. हाती आले 6,300, तेसुद्धा सगळ्यांनी वेळेवर दिले तर. त्यातून घरखर्चाला काही काढलं नाही तरीही ती आता वीस नव्हे, पंधरा किलोच मसाला करू शकते. जिथे माल खपतो आहे तिथे पुरवायला पैसा नाही आणि जिथे पैसा अडकला आहे तिथे माल खपत नाही. तोटा झालेला नसताना धंदा बसतो, तो असा.

शिवाय मसाला थांबत नाही. त्यातल्या खोबऱ्याला चार-सहा महिन्यांत खवट वास सुटू लागतो, पावसाळी हवेत जाळी धरते. दुकानदार अशी पाकिटं परत करतो आणि त्या दिवशी कागदावरचा नफाही जातो.

आता तीच बाई, तेच दहा हजार. ती वाड्यात आणि गल्लीत सांगते, ‘वर्षाचा मसाला करून देते.’ सामानाचे पैसे आगाऊ, किलोला 400. करण्याची मजुरी किलोला 100, मसाला नेताना. गिऱ्हाइकाला तो 500 रुपयांना पडतो, दुकानात तोच 700च्या भावाने आहे, आणि मिरची कोणती घातली हे डोळ्यांसमोर दिसतं. पहिल्या उन्हाळ्यात वीस घरं मिळाली, प्रत्येकाचा चार किलो. मजुरीचे 8,000 रुपये हातात आले. तिचे स्वतःचे लागले ते एका वजनकाट्याचे आणि मोठ्या कढईचे. मिरचीचा भाव मध्येच चढला तरी फरक गिऱ्हाइकाकडून मागता येतो. उरलेला माल नाही, उधारी नाही, छापखाना नाही.

मग सगळ्यांनी सेवाच का करू नये? कारण या हिशेबालाही छप्पर आहे, आणि ते बरंच खाली आहे. निवडणं, देठं खुडणं, वाळवणं, कांदा तळणं, कांडपाच्या रांगेत उभं राहणं हे धरून एका बाईच्या हातून दिवसाला चार किलोच्या वर मसाला होत नाही. हंगाम मार्च ते मे, साठ दिवस धरले तर 240 किलो, म्हणजे जास्तीत जास्त 24,000 रुपये. मान लचकली तर तेवढे दिवस शून्य. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की काम संपतं. दुकानातलं पाकीट ती झोपलेली असतानाही विकलं जातं. तिची मजुरी तिच्या उठण्याबरोबर सुरू होते आणि निजण्याबरोबर थांबते.

इथपर्यंत सारं सरळ आहे: वस्तूत पैसा अडकतो, सेवेत माणूस अडकतो. पण या नियमाला दोन मोठी भोकं आहेत, आणि कमी भांडवलाची माणसं बहुतेक वेळा तिथेच पडतात किंवा तिथूनच तरतात.

पहिलं भोक चांगल्या बाजूचं. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल 80 रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. ही लिज्जतची सुरुवात. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये झाली. धंदा उघडउघड वस्तूचा होता आणि पैसा तर नव्हताच. मग तो उभा कसा राहिला?

6,196ला 80ने भागून पाहावं. उत्तर सत्याहत्तरच्या आसपास येतं. नफा भांडवलात मिसळत गेला असणार, त्यामुळे हा भागाकार तंतोतंत धरता येत नाही. पण पैसा वर्षात दोन-चारदा नव्हे, पुन्हा पुन्हा फिरला हे त्यातून दिसतं. आज उडदाचं पीठ, उद्या पापड, परवा रोकड, तेरवा पुन्हा पीठ. मसाल्याच्या बाईचे दहा हजार दोन महिन्यांत एकदाही पुरते फिरले नव्हते. वडापावची गाडी, फुलांची टोपली, सकाळची पोह्यांची टपरी हे सगळे वस्तूचेच धंदे, पण सकाळी घातलेला पैसा रात्री गल्ल्यात असतो, म्हणून ते हातावर पोट असलेल्या माणसालाही पेलतात. लिज्जतमध्ये पुढे रुजलेली पद्धतही बघण्यासारखी आहे. बायका मळलेलं पीठ घरी नेतात, लाटून आणतात आणि लाटण्याची मजुरी घेतात. माल संस्थेचा, मजुरी बाईची. बाहेरून बघणाऱ्याला तो वस्तूचा धंदा दिसतो, पण लाटणाऱ्या बाईच्या घरात तो कांडप गिरणीसारखाच चालतो.

दिवाळीचा फराळ हा याच जातीचा आणखी एक प्रकार. पुण्या-मुंबईतली अनेक घरगुती स्वयंपाकघरं दसऱ्याच्या आधीच ऑर्डरी लिहून घेतात, आगाऊ रक्कम घेतात, आणि मग भाजणी दळायला टाकतात. अमेरिकेत किंवा दुबईत असलेल्या मुलाला पाठवायच्या डब्याचे पैसे तर कुरिअरच्या खर्चासकट आधी येतात. चकली ही वस्तूच आहे. पण ती तळण्याआधी विकली गेलेली आहे, त्यामुळे तळणारीचा पैसा त्यात जात नाही.

दुसरं भोक वाईट बाजूचं. सेवा म्हणजे बिनभांडवली, या समजुतीवर विसंबून अनेक जण कंपन्यांना माणसं पुरवण्याचा, साफसफाईचा ठेका घेतात. ‘आपल्याला काय, माणसं न्यायची आणि कमिशन घ्यायचं.’ दहा माणसं, प्रत्येकी 15,000 पगार. महिन्याचे दीड लाख. ठेकेदार कंपनीला एक लाख पासष्ट हजारांचं बिल लावतो. कंपनी म्हणते, आमच्याकडे बिल पास व्हायला साठ दिवस लागतात.

पहिल्या महिन्याचं बिल महिना संपल्यावर जातं आणि त्याचे पैसे साठ दिवसांनी येतात. तोवर ठेकेदाराने तीन महिन्यांचे पगार दिलेले असतात, कारण झाडूवाल्या मावशी साठ दिवस थांबू शकत नाहीत. त्याचे साडेचार लाख रुपये बाहेर अडकतात, ते महिन्याला पंधरा हजार मिळवण्यासाठी. नावाला सेवा असली तरी हा धंदा मसाल्याच्या पाकिटांपेक्षा कितीतरी जास्त भांडवल खातो. माणसं थोडी वाढून वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी लागू होतो (केवळ माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ही मर्यादा 40 लाखांची आहे, सेवेला निम्मीच). बिलावरचा 18 टक्के कर पुढच्या महिन्यात 20 तारखेच्या सुमारास सरकारला भरायचा असतो, मग कंपनीने पैसे दिलेले असोत वा नसोत.

कायदा या माणसाच्या बाजूने आहे, कागदावर तरी. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो की लहान उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत चुकतं केलं पाहिजे आणि करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. 2024 पासून प्राप्तिकरातही टोचणी आली आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते आणि फुकट आहे. पण एकुलत्या एका मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला बसलेला ठेकेदार क्वचितच दिसतो. ती तक्रार त्याचं शेवटचं बिल ठरेल ही भीती त्याला कायद्यापेक्षा जवळची असते.

तेव्हा सेवा की वस्तू, हे नाव बाजूला ठेवून आधी एकच गोष्ट मोजावी. खिशातून पहिला रुपया निघाल्यापासून तो परत येईपर्यंत किती दिवस जातात? कांडपाला शून्य दिवस, कारण रुपया निघतच नाही. वडापावला एक दिवस. फराळाला उणे पंधरा दिवस, पैसे आधी आलेले असतात. दुकानातल्या मसाल्याला साठ ते नव्वद, ठेक्यालाही नव्वद. गाठीला दहा हजार असलेल्या माणसाने नव्वद दिवसांच्या धंद्यात शिरणं म्हणजे घोटभर पाण्यावर कोकणकडा चढायला निघणं.

असं असूनही काही माणसं कमी पैशांत सुरू करून खऱ्याखुऱ्या वस्तूपर्यंत पोचली, आणि त्यांची वाट बघण्यासारखी आहे. पुण्यातली क्विक हील हे त्याचं सर्वांत स्पष्ट मराठी उदाहरण.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचं मूळ असलेले कैलाश काटकर 1980 च्या दशकात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला होते. 1990 मध्ये त्यांनी सुमारे 15,000 रुपये घालून स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीच्या दुकानाचा हिशेब कांडप गिरणीसारखाच असतो: यंत्र गिऱ्हाइकाचं, सुटा भाग गिऱ्हाइकाच्या खर्चाने, आपलं कौशल्य आणि सोल्डरिंगची बंदूक. त्या कमाईतून घर चाललं, धाकटे भाऊ संजय यांचं संगणकाचं शिक्षण झालं, आणि साधारण 50,000 रुपयांचा एक संगणक आला. त्या काळी दुकानाच्या मूळ भांडवलाच्या तिपटीहून ही रक्कम मोठी होती, पण ती गिऱ्हाइकांनी मजुरीच्या रूपाने दिली होती. 1993 मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे नाव आलं. ‘सर्व्हिसेस’ हा शब्द त्यात होता, हे लक्षात ठेवण्यासारखं.

दुरुस्तीला येणारे संगणक बघता बघता एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती. यंत्र ठीक असे, बिघाड व्हायरसचा असे. संजय यांनी मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसवर तो काढून टाकणारा छोटा प्रोग्राम लिहिला. दुकानात आलेल्या संगणकांवर तो चालवला जाई. मग दुसऱ्या व्हायरसवर दुसरा. असे तुकडे जमत जाऊन 1990 च्या दशकाच्या मध्याला क्विक हील हे अँटिव्हायरस विक्रीला आलं.

इथे दुरुस्तीच्या दुकानाने दिलेली खरी मदत पैशांची नव्हती. कोणता बिघाड वारंवार येतो, हे कळायला एखाद्याला बाजाराची पाहणी करावी लागली असती. इथे ती गिऱ्हाइकंच, पैसे देऊन, टेबलावर आणून ठेवत होती. प्रोग्राम चालतो की नाही हे तपासायला खरे बिघडलेले संगणक रोज दारात होते. आणि सॉफ्टवेअर ही अशी वस्तू आहे की दुसरी प्रत काढायला जवळजवळ काही लागत नाही. मसाल्याच्या दुसऱ्या किलोला मात्र पहिल्याइतकीच मिरची लागते. कमी भांडवलाच्या माणसाने सेवेतून वस्तूकडे वळताना हा फरक जरूर पाहावा.

ही वाटही सरळ नव्हती. नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असतं हीच कल्पना आपल्याकडे अनेकांना पटत नसे, आणि विक्री रखडल्याने धंदा बंद करण्याचा विचारही भावांच्या मनात येऊन गेला. त्या काळात हार्डवेअर दुरुस्तीचा गल्ला चालू होता, म्हणून वस्तूला पाय रोवायला वेळ मिळाला. कंपनीचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं ते 2007 मध्ये. बाहेरच्या गुंतवणूकदाराचे मोठे पैसे, सिकोया कॅपिटलचे सुमारे 60 कोटी, आले 2010 मध्ये, म्हणजे दुकान उघडल्यावर वीस वर्षांनी. 2016 च्या फेब्रुवारीत कंपनी शेअर बाजारात आली.

या वाटेवर बहुतेक जण अडतात ते एका साध्या ठिकाणी. सेवा नीट चालू लागली की ती सगळा दिवस खाऊन टाकते. संध्याकाळी सात वाजता दुकान बंद करून वस्तूवर काम करायचं ठरलेलं असतं आणि सात वाजता गिऱ्हाईक उभं असतं. ‘आजच्या आज करून द्या’ म्हणणाऱ्याचे पाचशे रुपये समोर दिसतात. वस्तूचे पैसे दिसत नाहीत. काटकरांच्या घरात दोन भाऊ होते, एक गल्ल्यावर आणि एक संगणकासमोर. ज्याला असा भाऊ नाही त्याने आठवड्यातला एक दिवस सेवेचं शटर खाली ओढून ठेवल्याशिवाय वस्तू जन्माला येत नाही. त्या दिवसाचं उत्पन्न बुडतं. वस्तू उभी करायला खरी लागणारी गुंतवणूक ती, आणि ती महिन्याच्या हिशेबात लिहिली तरच तिचा अंदाज येतो.

मसाल्याच्या बाईला अँटिव्हायरस लिहायचा नाही. पण तिच्याही हातात उन्हाळा संपताना एक गोष्ट आलेली असते, ती म्हणजे वीस घरांची वही. कुणाला तिखट कमी, कुणाला खोबरं नको, कुणी चार किलो नेला आणि कुणी पाहुणे आले म्हणून जुलैतच संपवला. ऑगस्टमध्ये या घरांतून निरोप येऊ लागतात. ‘अर्धा किलो मिळेल का?’ आता सामानाचे पैसे आगाऊ मागणं शोभत नाही आणि अर्ध्या किलोसाठी वेगळी कढई चढवणंही परवडत नाही. बारा घरांचे निरोप जमले की ती आपल्या पैशाने सहा किलो मसाला करते. साध्या पाउचसकट अर्ध्या किलोला 205 रुपये पडतात, म्हणजे 2,460 गुंतले. ती 300 ला देते, दुकानापेक्षा स्वस्त. पाकिटं चार दिवसांत घरोघर जातात आणि 1,140 रुपये सुटतात.

आठ दुकानांत वीस किलो लावून, सगळा माल खपला असता तरी, 2,050 सुटणार होते. इथे सहा किलोत त्याच्या निम्म्याहून जास्त आले, पैसा चौथ्या दिवशी परत आला आणि तोवर एफएसएसएआयची नोंदणी उरकायला सवड मिळाली. छापील लेबलांचा हजाराचा गठ्ठा तिने अजून सांगितलेला नाही. बारापैकी पाच घरांनी तिखट कमी हवं असं सांगितलं आहे आणि लेबलवर दोन प्रकार छापायचे की तीन, हे दिवाळीपर्यंत ठरायचं आहे.